शेजारची बाग आणि आपली बाग: फिक्स्ड इफेक्ट्स नेमकं काय वजा करतं?

ज्यांना कानात ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी बऱ्याच ठिकाणी भरकटलो होतो, तेवढं छाटलंय. आकडेमोड आणि कोड मात्र इथे जास्त आहे, कारण कोड वाचून दाखवणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. तो गुहागरचा, आता बाहेरगावी शिकतोय. घरी हापूसची बाग आहे. त्याने सुट्टीत अंजनवेलपासून हेदवीपर्यंत ओळखीच्या बागायतदारांकडे फिरून माहिती गोळा केली: दर वर्षी झाडामागे खत-फवारणीवर किती खर्च केला आणि झाडामागे किती डझन फळ मिळालं. प्रत्येकाची तीन-तीन वर्षं. सगळ्या ओळी एका शीटमध्ये टाकून त्याने सरळ रिग्रेशन चालवलं, आणि उत्तर इतकं गोड आलं की घरचे झाडामागे तीनशे रुपये जादा घालायला कर्ज काढायच्या विचारात आहेत. त्याचा प्रश्न असा: ‘एका ठिकाणी वाचलं की असा डेटा असेल तर फिक्स्ड इफेक्ट्स वापरावेत. वापरले, तर आकडा एकदम खाली आला. आता खरा कुठला मानू?’

मी मूळचा तिकडचाच, त्यामुळे बागांची थोडी कल्पना आहे. पण त्याचा डेटा त्याच्या घरचा आहे, तो इथे मांडणार नाही. मी हिशेबाला सोपे पडतील असे आकडे बनवलेत. तीन बागा, तीन वर्षं, नऊ ओळी. खर्च झाडामागे शंभर रुपयांत मोजलाय, म्हणजे 4 म्हणजे चारशे रुपये. उत्पन्न झाडामागे डझनात.

पहिली बाग वरच्या कातळावर. जांभा दगड फोडून आळी केलीत, माती बाहेरून आणून भरलीय. खर्च 2, 4, 3 आणि उत्पन्न 10, 12, 11. दुसरी बाग मध्यम, उतारावरची. खर्च 5, 4, 6 आणि उत्पन्न 19, 18, 20. तिसरी खाली वाडीतली. माती खोल, विहिरीला पाणी, मालक स्वतः दिवसभर बागेत. खर्च 8, 7, 6 आणि उत्पन्न 28, 27, 26.

एकाच बागेची, एकाच माणसाची किंवा एकाच गावाची अशी अनेक वेळा घेतलेली नोंद म्हणजे पॅनेल डेटा. आणि ती नोंद कोणाची हे विसरून सगळ्या ओळी एका पोत्यात भरल्या आणि रेषा काढली, की झालं पूल्ड रिग्रेशन. आपल्या नऊ ओळींवर पूल्ड रिग्रेशनचं उत्तर येतं 3.4. म्हणजे झाडामागे शंभर रुपये जादा घाला, 3.4 डझन जादा घ्या. कोण सोडेल?

आता आकड्यांकडे नुसतं डोळ्यांनी बघा. कातळावरच्या बागेने 2 वरून 4 वर उडी मारली, म्हणजे दोनशे रुपये वाढवले, तेव्हा फळ 10 वरून 12 झालं. शंभराला एक डझन. उतारावरच्या बागेने 4 वरून 6 केले, तिथेही 18 चे 20. वाडीतल्या बागेने 8 वरून 6 वर उतरवले, 28 चे 26 झाले. कुठल्याही एका बागेत शिरून बघितलं तर शंभराला एकच डझन. मग 3.4 आलं कुठून?

ते आलं एका बागेची दुसऱ्या बागेशी तुलना करण्यातून. वाडीतली बाग सरासरी 7 खर्च करते आणि 27 डझन काढते. कातळावरची 3 खर्च करते आणि 11 काढते. चारशे रुपयांच्या फरकामागे सोळा डझनांचा फरक, म्हणजे शंभराला चार. पण त्या सोळा डझनांत खतामुळे किती आणि खोल मातीमुळे, विहिरीमुळे, मालकाच्या हातामुळे किती, हे शीटमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. रिग्रेशनला जो कॉलम दिसतो त्याच्याच नावावर ते सगळं श्रेय जमा करतं. आणि ज्याच्याकडे चांगली जमीन आहे तोच जास्त खर्च करायला धजावतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. कातळावर पैसे ओतायला जीव होत नाही.

हा गोंधळ शेतीच्याच डेटातून पहिल्यांदा नीट पकडला गेला, ही मला आवडणारी गोष्ट आहे. याइर मुंडलाक नावाचे इस्रायली कृषी अर्थशास्त्रज्ञ होते. 1961 साली त्यांनी इस्रायलमधल्या शेतांच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन लिहिलं की शेतकऱ्याचं कसब मोजता येत नाही, पण कसबी शेतकरी खत-मजुरीचे निर्णयही वेगळे घेतो. त्यामुळे साध्या रिग्रेशनमध्ये त्याच्या कसबाचं फळ खताच्या खात्यावर चढतं. याला त्यांनी व्यवस्थापनाचा पक्षपात म्हटलं. उपाय असा: कसब मोजता येत नाही, पण ते तीन-चार वर्षांत बदलत नाही असं धरायला हरकत नाही. मग जे बदलत नाही ते वजा करून टाकू.

वजाबाकी म्हणजे खरंच वजाबाकी. प्रत्येक बागेची स्वतःची सरासरी काढायची आणि त्या बागेच्या प्रत्येक आकड्यातून ती कमी करायची. कातळावरच्या बागेचा खर्च 2, 4, 3 होता, सरासरी 3, तर उरलं −1, +1, 0. उत्पन्न 10, 12, 11 होतं, सरासरी 11, उरलं −1, +1, 0. वाडीतल्या बागेचं खर्चात उरलं +1, 0, −1 आणि उत्पन्नातही तेच. आता मोठी बाग, छोटी बाग, श्रीमंत बाग, गरीब बाग असं काहीच शिल्लक नाही. प्रत्येक बाग फक्त स्वतःशी स्पर्धा करतेय: ‘नेहमीपेक्षा जास्त खर्च केला, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त फळ आलं का?’ या उरलेल्या आकड्यांवर रेषा काढली की उत्तर 1.0. प्रत्येक बागेसाठी एक-एक डमी व्हेरिएबल घातलं तरी हेच उत्तर येतं. दोन्ही एकाच हिशेबाचे दोन रस्ते आहेत.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी, मुद्दाम कुठलीही खास लायब्ररी न वापरता:

```python
import pandas as pd

d = pd.DataFrame({
    "bag":    ["A"]*3 + ["B"]*3 + ["C"]*3,
    "kharch": [2,4,3, 5,4,6, 8,7,6],
    "dozen":  [10,12,11, 19,18,20, 28,27,26]})

def slope(x, y):
    x = x - x.mean()
    y = y - y.mean()
    return (x*y).sum() / (x*x).sum()

g = d.groupby("bag")
xw = d["kharch"] - g["kharch"].transform("mean")
yw = d["dozen"] - g["dozen"].transform("mean")

print(slope(d["kharch"], d["dozen"]))   # 3.4
print(slope(xw, yw))                    # 1.0
```

वजा नेमकं किती झालं तेही मोजू, कारण इथेच फिक्स्ड इफेक्ट्सची किंमत कळते. नऊच्या नऊ खर्चांची एकूण सरासरी 5 आहे. प्रत्येक आकडा तिच्यापासून किती लांब, त्याचा वर्ग करून बेरीज केली तर 30 येते. बागेच्या आतल्या चढउतारांची तशीच बेरीज फक्त 6. उरलेले 24 म्हणजे बागा-बागांमधला फरक. म्हणजे फिक्स्ड इफेक्ट्सने खर्चातली 80 टक्के हालचाल फेकून दिली आणि 20 टक्क्यांवर उत्तर काढलं. पूल्डचं 3.4 सुद्धा इथूनच निघतं: 24 भाग वजनाने ‘चार’ आणि 6 भाग वजनाने ‘एक’, त्यांची सरासरी. पूल्ड रिग्रेशन म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ असते, आणि मिसळीत रस्सा जास्त की फरसाण जास्त हे डेटाच ठरवतो.

आता त्या कर्जाकडे येऊ. समजा दोनशे झाडं, झाडामागे तीनशे जादा, म्हणजे साठ हजारांचं कर्ज. समजा काढणी, पेटी, टेम्पो, दलाली जाऊन डझनामागे हातात 120 रुपये पडतात. पूल्डच्या हिशेबाने झाडामागे 10.2 डझन वाढतील, दोनशे झाडांचे 2,44,800 रुपये. फिक्स्ड इफेक्ट्सच्या हिशेबाने झाडामागे 3 डझन, एकूण 72,000. साठ हजार घालून बहात्तर हजार, त्यातून व्याज जायचंय, आणि मोहोरावर एक अवकाळी पाऊस पडला की संपलं. शिवाय तीनशेची उडी ही कुठल्याही बागेने स्वतः मारून बघितलेली नाही. आपल्या तीनही बागा आपापल्या सरासरीपासून शंभरच रुपये वर-खाली हलल्यात. त्यापलीकडे रेषा अशीच सरळ जाईल हे डेटा सांगत नाही, आपण गृहीत धरतोय. खतांच्या बाबतीत ती सहसा वाकते आणि जादाचा फायदा कमी होत जातो.

प्रश्न काय विचारताय यावर बरंच अवलंबून आहे. त्या घराला बाग बदलायची नाहीये. आहे त्याच कातळावर पैसे वाढवायचे की नाही हे ठरवायचंय. अशा प्रश्नाला बागेच्या आतली तुलनाच उत्तर देऊ शकते.

मग कायम फिक्स्ड इफेक्ट्सच लावायचे का? तर नाही. त्याच श्रोत्याचा दुसरा प्रश्न होता की समुद्रापासूनच्या अंतराचा फळावर काय परिणाम होतो. याचं उत्तर फिक्स्ड इफेक्ट्स कधीच देणार नाही. बागेचं अंतर तीनही वर्षं तेच. सरासरी वजा केली की शून्य, शून्य, शून्य. सॉफ्टवेअर तो कॉलम गाळून टाकतं किंवा एरर देतं, आणि लोकांना वाटतं कोड बिघडला. कोड बरोबर आहे. जमीन, अंतर, उतार, कलमांची जात, जे जे स्थिर ते सगळं गेलं. त्यांचा त्रासही गेला आणि त्यांच्याबद्दल काही शिकण्याची सोयही गेली. असंच कल्टारचं. मोहोर लवकर आणि नियमित यावा म्हणून पावसाळ्यात आळ्यात घालतात ते पॅक्लोब्युट्राझोल. ज्या बागेत तीनही वर्षं घातलं आणि जिथे कधीच घातलं नाही, अशा दोन्ही बागा त्याबद्दल गप्प राहतात. उत्तर येतं फक्त ज्यांनी मध्येच सुरू किंवा बंद केलं त्यांच्याकडून. पन्नास बागांत असे चारच निघाले, तर तुमचा आकडा त्या चौघांचा आहे.

दुसरी किंमत चुकीच्या नोंदींची. बागायतदार खर्च आठवून सांगतो, शंभर रुपये इकडेतिकडे होणारच. पूल्डमध्ये खर्च 2 पासून 8 पर्यंत पसरलाय, त्यात ही चूक फारशी जाणवत नाही. पण बागेच्या आत एकूण हालचालच शंभराची आहे. सरासरी वजा करताना खरी हालचाल बरीचशी निघून जाते आणि आठवणीतली चूक मात्र बऱ्याच अंशी मागे राहते. परिणामी रेषा शून्याकडे झुकते. म्हणून फिक्स्ड इफेक्ट्सचा आकडा खूप लहान आला की दोन शक्यता असतात: खताचा परिणाम खरंच लहान आहे, किंवा नोंदवही कच्ची आहे. ज्यांच्याकडे पावत्या आहेत अशा बागा वेगळ्या काढून तोच हिशेब करा. आकडा बराच वाढला, तर संशय नोंदवहीवर.

पूल्ड कधी चालेल? जेव्हा बागेचे छुपे गुण आणि खर्च यांचं काही नातं नसेल तेव्हा. समजा कोणी बागांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून कोणाला किती खत हे ठरवलं असतं, तर चांगल्या जमिनीला जास्त खत असा प्रकारच उरला नसता. मग बागा-बागांमधली तुलनाही प्रामाणिक, आणि ते 80 टक्के फेकून देणं म्हणजे नुसती उधळपट्टी. फक्त एकाच बागेच्या ओळी एकमेकींसारख्या असतात हे विसरायचं नाही. स्टँडर्ड एरर बागेनुसार क्लस्टर करायची. फिक्स्ड इफेक्ट्स लावले तरी ती करायचीच, आणि त्यासाठी तीन बागा पुरत नाहीत, काही डझन तरी हव्यात.

हे नातं आहे की नाही ते तपासायला लोक हाउसमन टेस्टचं नाव घेतात. मला स्वतःला मुंडलाक यांचीच 1978 ची युक्ती जास्त सोपी वाटते. पूल्ड रिग्रेशनच चालवा, पण खर्चासोबत आणखी एक कॉलम द्या: त्या बागेचा सरासरी खर्च. आपल्या डेटात खर्चासमोर 1 येतं, तेच फिक्स्ड इफेक्ट्सचं उत्तर, आणि सरासरी खर्चासमोर 3 येतं. तो 3 म्हणजे ‘जास्त खर्च करणारी बाग मुळातच वेगळी आहे’ याची मोजणी. तिथे शून्याच्या आसपास काही आलं असतं तर पूल्ड बिनधास्त वापरा म्हटलं असतं. इथे बागेच्या आतला उतार 1 आणि वरचे 3 मिळून 4, म्हणजे बागा-बागांमधला उतार. सगळा हिशेब एका ओळीत दिसतो.

आतापर्यंत तीनही बागांना सारखं झोडपणाऱ्या गोष्टी बाजूला ठेवल्या होत्या. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग, 2021 च्या मेमध्ये तौक्ते. अशी वर्षं सगळ्या किनाऱ्याला लागतात. त्यासाठी बागेसारखाच वर्षाचाही फिक्स्ड इफेक्ट घालतात, म्हणजे प्रत्येक वर्षाची सरासरीही निघून जाते. माझ्या आकड्यांत दर वर्षीचा सरासरी खर्च मुद्दाम 5 ठेवलाय, म्हणून त्याने उत्तर हलत नाही. तुमच्याकडे सगळ्यांनी दर वर्षी सारखाच खर्च वाढवत नेला असेल, तर बाग आणि वर्ष दोन्ही वजा केल्यावर हातात काहीच उरणार नाही. आणि वादळाने एका बागेची कलमं मोडली, दुसरीची वाचली, तर तेही वर्षाच्या कॉलमने जात नाही. तो वेगळा लिहून ठेवायला हवा.

हापूसच्या बाबतीत मात्र खरा खड्डा वेगळाच आहे, आणि तो मला तिकडचा असल्यामुळे लगेच दिसला. हापूस बऱ्याचदा वर्षाआड धरतो. एका वर्षी झाड लगडतं, पुढच्या वर्षी विश्रांती. आता बागायतदाराच्या जागी बसा. यंदा फळ भरपूर, हातात पैसा आला, तर पावसाळ्यात तो खत जास्त घालणार. पण पुढचा हंगाम झाडाच्या विश्रांतीचा! शीटमध्ये दिसतं की नेहमीपेक्षा जास्त खर्च केला त्या वर्षी नेहमीपेक्षा कमी फळ आलं. फिक्स्ड इफेक्ट्स मान डोलावून सांगेल, खत घालणं तोट्याचं. सरासरी वजा करून हे जात नाही, कारण ही स्थिर गोष्टच नाही. फिक्स्ड इफेक्ट्सचं एक कडक गृहीतक आहे: यंदाच्या उत्पन्नातल्या नशिबाच्या भागाचा पुढच्या किंवा मागच्या कुठल्याही वर्षाच्या खर्चाशी संबंध नसावा. इथे तो उघड आहे. तीनच वर्षांच्या डेटात हा दोष जास्तच बोचतो.

तो आहे का हे पकडायची एक साधी तपासणी आहे. यंदाच्या उत्पन्नाच्या रिग्रेशनमध्ये पुढच्या वर्षीचा खर्चही एक कॉलम म्हणून घाला. पुढच्या वर्षी घालायच्या खताने यंदाचा आंबा वाढू शकत नाही. तरीही त्या कॉलमसमोर ठळक आकडा आला, तर उलटी गंगा वाहतेय: फळ खर्च ठरवतंय. त्या श्रोत्याला मी हीच तपासणी करायला सांगितली आहे, आणि अजून वर्षं जोडायला. चार-सहा वर्षं मिळाली तर लगडलेलं आणि विश्रांतीचं, दोन्ही प्रकारचे हंगाम प्रत्येक बागेच्या सरासरीत येतात, आणि गेल्या वर्षीचं उत्पन्नही हिशेबात घेता येतं. हा शेवटचा कॉलम फिक्स्ड इफेक्ट्ससोबत थेट टाकला तर थोड्या वर्षांच्या डेटात तोही आपला गोंधळ घालतो. त्याचे उपाय आहेत, पण तो एक अख्खा भाग होईल.

लांब पल्ल्याच्या अशा नोंदी कशा ठेवतात ते बघायचं असेल तर महाराष्ट्रातच उदाहरण आहे. इक्रिसॅट या संस्थेने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातल्या कानझरा या गावांत त्याच-त्या कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या. कुठल्या तुकड्यात काय पेरलं, किती मजुरी दिली, किती पिकलं. गावातच राहणारे तपासनीस काही आठवड्यांनी परत परत जाऊन विचारायचे. वर्षाच्या शेवटी एकदाच विचारलं असतं तर आठवणीची तीच चूक शिरली असती जिच्याबद्दल वर बोललो. जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी हा डेटा वापरलाय, आणि तो इतका उपयोगी ठरला याचं एक कारण हेच की त्यात एक कुटुंब स्वतःशीच ताडून बघता येतं.

गुहागरातल्या शीटला एवढा फौजफाटा लागणार नाही. प्रत्येक बागेला एक कायमचा नंबर द्या, म्हणजे पुढच्या वर्षी ओळ त्याच बागेला जोडता येईल. मालकाचं नाव कधी ‘दादा’ कधी ‘भाऊ’ असं लिहिलंत तर कोडला त्या दोन बागा वाटतात. खर्चाची तारीख लिहा, नुसतं वर्ष नको, कारण जुलैमधलं खत पुढच्या एप्रिलच्या फळाचं असतं. विहीर खणली, कल्टार सुरू केलं, राखणदार बदलला, कलमं वादळात गेली, असं मध्येच बदललेलं काहीही असेल तर त्याचा वेगळा कॉलम. स्थिर गोष्टी लिहिल्या नाहीत तरी वजाबाकी त्या सांभाळून घेते. या बदलणाऱ्या गोष्टी मात्र तुम्ही लिहिल्या तरच हिशेबात येतील.